डाळ मिलला सवलत का नाही?

महोदय,
विदर्भातील तालुक्यांच्या नगरपालिका हद्दीतील शेती ले-आउटसाठी विकली जाते, तेव्हा तिच्या नफ्यावर भांडवली नफाकर लागतो. समजा, यवतमाळ जिल्ह्यात अशा वहितीच्या वडिलोपार्जित शेतावर चाळीस लाखांचा नफा झाला, तर साडेबारा टक्क्यांनी उपकराव्यतिरिक्त पाच लाख रुपये कर होतो. नफ्याएवढ्या रकमेची दुसरी शेतजमीन दोन वर्षांत घेतली, तर तो पूर्ण माफ होतो. मात्र त्याच पैशातून गावात डाळ मिल उभारली, तर या सवलतीतून एक रुपयाही सुटत नाही. साहजिकच पैसा आडगावातील शेतांकडे धावतो, आणि तिथला खरा कास्तकार भावाने मागे पडतो.

विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जमीन मिळाली नाही, तर रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. साधी मुदत ठेव चालत नाही. हे खाते ग्रामीण शाखेत उघडता येत नाही, हे तर अजबच! ते तिथेही उघडता यावे आणि शेतमाल प्रक्रियेतील गुंतवणुकीलाही ही सवलत मिळावी.

– एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ