अंडं नाही, म्हणून कच्चं पीठ चाटायला हरकत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत मुलांसाठी ‘सुट्टीतला केक’ अशी बिनअंड्याच्या चॉकलेट केकची कृती आली होती. कृती चांगली आहे. आमच्याकडे लगेच करूनही झाली, आणि केक फुलला. पण सहाव्या पायरीत लिहिलं आहे, ‘आता थोडंसं मिश्रण चाखून गोडी पाहा. अंडं नसल्यामुळे हरकत नाही.’ या दोन वाक्यांसाठी हे पत्र.

माझी नात सात वर्षांची. ती हे वाक्य मोठ्याने वाचत असतानाच तिचं बोट पातेल्यात गेलेलं होतं. पातेल्याच्या कडेला चिकटलेलं तपकिरी, चकचकीत मिश्रण, त्यात न विरघळलेल्या साखरेची बारीक करकर. ते बोटाने निपटून खाण्यातली मजा मला ठाऊक नाही असं नाही. आमच्या लहानपणी पातेलं चाटायचा मान कोणाचा यावरून भांडणं होत. मी तिचा हात धरला तेव्हा ती म्हणाली, “आजी, पेपरमध्येच दिलंय ना!” त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

मी बरीच वर्षं एका रोलर फ्लोअर मिलच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे. गव्हाचा मैदा कसा होतो हे रोज पाहिलं आहे, म्हणून लिहिते. आपल्याकडे पक्का समज असा की कच्च्या मिश्रणात धोका असतो तो अंड्याचा. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो, हे खरंच. पण अंडं काढलं की मिश्रण निर्धोक झालं, हे खरं नाही. मागे उरतो तो मैदा, आणि मैदा कच्चाच असतो. दिसायला कोरडा, पांढरा, पिशवीबंद. त्यामुळे तो शेतातून आलेला कच्चा माल आहे हे आपण विसरतो.

गहू शेतात उभा असतो. तिथे गुरं फिरतात, पाखरं बसतात, शेणखत पडतं. मिलमध्ये त्यातले खडे, काड्या, माती काढतात. मग दळण्याआधी गव्हाला पाणी देऊन काही तास मुरत ठेवतात. याला टेम्परिंग म्हणतात. त्याने कोंडा चिवट होऊन पापुद्र्यासारखा सुटतो आणि आतला दाणा मऊ पडतो. मग रोलर आणि चाळण्या. या सगळ्या वाटेवर जंतू मरतील असा उकळण्याचा किंवा भाजण्याचा टप्पा नेहमीच्या मैद्यासाठी कुठेच नसतो. तो टप्पा आपल्या ओव्हनमध्ये, तव्यावर किंवा कढईत यायचा असतो, असं धरूनच मैदा विकला जातो.

गिरणीतून आणलेली कणीक हाताला चांगली गरम लागते, मग त्यात जंतू कसे राहतील, असं मला शेजारणीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण ती ऊब थोडा वेळ टिकते आणि कोरडी असते. ओल्या पदार्थात ज्या उष्णतेने जंतू पटकन मरतात, तीच उष्णता कोरड्या पिठात ते बराच वेळ सोसतात. याच कारणाने मैदा घरी पाच मिनिटं कढईत परतून किंवा मायक्रोवेव्हमध्ये फिरवून ‘सुरक्षित’ करण्याच्या युक्त्यांवर भरवसा ठेवू नये. एक भाग करपतो, दुसरा जेमतेम कोमट होतो. बेसनाच्या लाडवाशी याची तुलना नको. ते बेसन तुपात रंग बदलेपर्यंत आणि घरभर वास सुटेपर्यंत भाजलेलं असतं.

कोरड्या पिठात हे जंतू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत; महिनोन् महिने निपचित पडून राहतात. चाळणीने अळी निघते, हे निघत नाहीत. वास येत नाही, रंग बदलत नाही. प्रयोगशाळेचाही इथे फारसा उपयोग नाही, हे मी माझ्याच धंद्याबद्दल सांगते. जंतू पिठात सारखे पसरलेले नसतात. चमचाभर नमुना स्वच्छ निघतो आणि त्याच पोत्यातल्या दुसऱ्या कोपऱ्यात ते असू शकतात.

अमेरिकेतलं २०१६ सालचं प्रकरण यासाठी पाहण्यासारखं आहे. डिसेंबर २०१५ पासून तिथल्या वेगवेगळ्या राज्यांत लोकांना ई. कोलाय जंतूच्या ओ-१२१ या प्रकाराने जुलाब होऊ लागले. हे जंतू म्हटलं की तपास अर्धवट शिजलेल्या मांसाकडे किंवा पालेभाजीकडे जातो. इथे ठरलेल्या प्रश्नावलीतून धागा मिळेना. तेव्हा तपास करणाऱ्यांनी काही रुग्णांशी सविस्तर, मोकळेपणी बोलायला सुरुवात केली. त्यातून निघालं की बऱ्याच जणांनी आजाराआधीच्या आठवड्यात घरी काहीतरी बेक केलं होतं, आणि त्यांतल्या काहींनी कच्चं मिश्रण चाटलंही होतं. दोघांच्या घरी पिठाची पिशवी शिल्लक होती. पिशवीवरच्या छापावरून माग काढत गेल्यावर दोन्ही पिशव्या एकाच मिलच्या निघाल्या. पुढे पिठातही जंतू सापडले. शेवटी आकडा २४ राज्यांतल्या ६३ जणांवर गेला. त्यांतल्या सतरा जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एकाच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला. पीठ उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाजारातून परत बोलावलं, तरी त्यानंतरही काही महिने नवे रुग्ण येत राहिले. कारण उघड आहे: पीठ डब्यात असतं, आणि डब्यात ओतलं की पिशवी आपण फेकून देतो.

त्यातला एक तपशील मला विसरता येत नाही. काही लहान मुलांनी केक केलाही नव्हता आणि खाल्लाही नव्हता. हॉटेलात जेवण येईपर्यंत त्यांनी गप्प बसावं म्हणून तिथल्या माणसांनी त्यांना टॉर्टियाच्या कच्च्या पिठाचा गोळा खेळायला दिला होता. टॉर्टिया म्हणजे आपल्या पोळीच्या भावकीतलीच. आपण पोळ्या लाटताना मांडीशी घुटमळणाऱ्या पोराला कणकेचा गोळा देतो, तो त्याची चिमणी करतो, आणि चिमणीची चोच खातो. मी स्वतः दिलेला आहे.

त्याआधी २००९ मध्ये तिथेच तयार कुकीच्या कच्च्या गोळ्यातून ७७ जण आजारी पडले होते. त्या गोळ्यात अंडी होती, पण ती पाश्चराइज केलेली. बाकीचे घटक एकेक करून पाहिल्यावर सर्वांत जास्त संशय मैद्यावर आला, जरी तो शंभर टक्के सिद्ध झाला नाही. काहींनी तर तो गोळा भाजायला नव्हे, तसाच खायला विकत घेतला होता. फ्रिजमधला थंडगार गोळा ताजा लागतो, पण थंडीने हे जंतू मरत नाहीत.

आपल्याकडे असं काही ऐकू येत नाही, असं कोणी म्हणेल. ऐकू कसं येणार? ई. कोलायच्या या जातीचा त्रास बहुधा तीन-चार दिवसांनी सुरू होतो. रविवारी पातेलं चाटलं आणि बुधवार-गुरुवारी पोटात कळा आल्या, तर आपण शाळेच्या डब्याला, पाण्याला नाहीतर कोपऱ्यावरच्या पाणीपुरीला बोल लावतो. केक तोवर संपलेला असतो, आणि तो तर सगळ्यांनीच खाल्लेला असतो. फक्त पातेलं एकट्यानेच चाटलेलं असतं.

मुलांना जास्त त्रास का, तेही सांगते. या जातीतले काही जंतू इतके जहाल की शंभराच्या आत पोटात गेले तरी पुरतात. ते आतड्यात शिगा नावाचं विष सोडतात. पोटात जोराच्या कळा येतात आणि जुलाबातून रक्त पडतं. ताप मात्र बऱ्याचदा बेताचाच असतो, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. मोठी माणसं बहुधा आठवड्यात बरी होतात. लहान मुलांमध्ये, विशेषतः पाचाच्या आतल्यांमध्ये, ते विष रक्तातून मूत्रपिंडांपर्यंत पोचण्याची भीती जास्त. हे जुलाब कमी होत आलेत असं वाटतं तेव्हा, साधारण आठवड्याने, दिसू लागतं. मूल पांढरं फटक पडतं, मलूल होतं, लघवी फार कमी होते. अशा वेळी थांबायचं नाही, थेट रुग्णालय. आणि शौचातून रक्त दिसलं तर जुलाब थांबवायची गोळी किंवा मागच्या खेपेची उरलेली अँटिबायोटिक आपल्या मनाने द्यायची नाही, त्याने उलट नुकसान होऊ शकतं. डॉक्टरांना कच्चं पीठ खाल्ल्याचं आठवणीने सांगावं. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

प्रत्येक पातेल्यात हे जंतू असतात असा माझा दावा नाही. बहुतेक पातेली चाटून काहीच होत नाही, माझंही झालं नाही. पण कुठल्या पातेल्यात आहेत हे चाखून कळत नाही, आणि मूल आजारी पडल्यावर कळून उपयोग नसतो.

नातीला मी अजिबात चाखू नको म्हटलं नाही. आमच्यात तडजोड झाली. लोणी, पिठीसाखर आणि व्हॅनिला फेटून हलकं झालं की एक चमचा तिचा. मैद्याची चाळणी हातात घेतली की चाखणं बंद. चाळताना मैदा ओट्यावर उडतो, म्हणून कोशिंबिरीची काकडी त्या वेळी तिथे चिरायची नाही. झाल्यावर हात साबणाने धुवायचे, कणकेच्या चिमण्या करून झाल्यावरही. मायक्रोवेव्हमध्ये मगात होणारा दोन मिनिटांचा केक मात्र मी बंदच केला. वरून फुगलेला दिसतो आणि मध्ये चमचा घातला की कच्चा लगदा निघतो.

आपल्या पुरवणीत येत्या रविवारी नानकटाई येणार असं छापलं आहे. तिच्यातही अंडं नसतं, आणि तूप-साखरेत मळलेला तो गोळा भाजलेल्या नानकटाईइतकाच चविष्ट लागतो. कृपया त्या कृतीत, मैदा मिसळण्याच्या पायरीलाच, ‘आता भाजून होईपर्यंत चाखू नये’ एवढं छापावं. तळटीप नको, मुलं तळटीप वाचत नाहीत. आणि सहाव्या पायरीची दुरुस्ती त्याच पानावर द्यावी. नातीने ते कात्रण फ्रिजला चिकटवून ठेवलं आहे; त्याच्या शेजारी दुरुस्तीही चिकटवू.

आपली,
एक वाचक, नाशिक