दुकानाचं डोमेन कुणाच्या नावावर आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीचा फराळ स्वतःच्या वेबसाइटवरून परगावी पाठवणाऱ्या महिला उद्योजकांबद्दलचं वृत्त आपल्या दैनिकात वाचलं आणि आनंद वाटला. त्यातल्या एका भगिनींनी मात्र सांगितलं होतं की, ‘वेबसाइटचं सगळं ती करून देणारा मुलगाच बघतो.’ ट्रेडमार्कच्या प्रकरणांत वकिली करत असल्यामुळे त्या वाक्याने मला काळजी वाटली, म्हणून हे पत्र.

माझ्या एका पक्षकार बाईंचा मसाल्याचा व्यवसाय आहे. वेबसाइट करून देणाऱ्याने त्यांच्या मसाल्याच्या नावाचं .com डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेतलं ते स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यातून. पैसे बाईंनी दिले, पण नोंदणी झाली त्याच्या नावावर. पुढे नूतनीकरणाच्या बिलावरून वाद झाला आणि त्याने डोमेन हवं असेल तर पन्नास हजार द्या, असं कळवलं. त्याच सुमारास कुणा अनोळखी माणसाने त्याच नावाचं .in घेऊन त्यावर ‘विकणे आहे’ची पाटी लावली होती.

दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, पण कायद्यात त्यांचे रस्ते वेगळे आहेत. .com साठी, जगभरच्या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेने १९९९ साली केलेलं यूडीआरपी हे डोमेनच्या वादांसाठीचं धोरण लागू होतं. त्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. डोमेन तुमच्या ट्रेडमार्कशी तंतोतंत किंवा फसगत होईल इतकं जुळणारं आहे, समोरच्याचा त्या नावावर कुठलाही रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आहे व वाईट हेतूनेच वापरतो आहे. या तिसऱ्या अटीतला ‘व’ महत्त्वाचा आहे. वेबसाइटवाल्याने नाव घेतलं तेव्हा ते बाईंच्याच सांगण्यावरून घेतलं होतं. अशा वेळी तक्रार ऐकणारे पंच म्हणू शकतात की हा दोघांमधल्या कराराचा वाद आहे, तो दिवाणी न्यायालयात न्या. शिवाय अशी तक्रार जिनिव्हाच्या ‘वायपो’ या बौद्धिक संपदेच्या जागतिक संघटनेकडे नेली, तर एका पंचासाठी १५०० डॉलर शुल्क भरावं लागतं. आजच्या दराने ते सव्वा लाखाच्या पुढे जातं, वकिलाची फी वेगळीच. त्यामुळे ते .com आम्ही तक्रार न करता सोडवलं. पैसे दिल्याच्या पावत्या आणि ‘आमच्या मसाल्याचं नाव घेऊन टाका’ हा बाईंचा जुना मेसेज जोडून नोटीस पाठवली, तेव्हा त्याने हस्तांतराचा कोड दिला. पावत्या नसत्या तर प्रकरण लांबलं असतं.

.in ची कथा निराळी. .in ची नोंदणी ‘निक्सी’ ही संस्था सांभाळते आणि तिचं स्वतःचं धोरण आहे, आयएनडीआरपी. अटी जवळपास त्याच, फक्त तिसरीत ‘व’च्या जागी ‘किंवा’ आहे: वाईट हेतूने घेतलं असेल किंवा वापरलं जात असेल, एक सिद्ध केलं तरी चालतं. छोट्या व्यावसायिकाला हा फरक फार मोलाचा आहे. एकच लवाद नेमला जातो, काम १९९६च्या लवाद कायद्याखाली चालतं आणि निवाडा पटला नाही तर न्यायालयात आव्हान देता येतं. समोरचा माणूस बहुतेक वेळा हजरच होत नाही. पण तो आला नाही म्हणून आपण आपोआप जिंकत नाही, पुरावा द्यावाच लागतो.

सगळं अडतं ते इथे. बाईंचा ट्रेडमार्क तेव्हा नोंदलेला नव्हता. नोंदणी नसतानाही हक्क असू शकतो, मात्र नाव लोकांत रुजलं होतं आणि डोमेन घेतलं जाण्याच्या आधीपासून रुजलं होतं, हे दाखवावं लागतं. त्यांच्याकडे अन्न परवान्याचा क्रमांक छापलेली जुनी पाकिटं होती, तारखेसह जीएसटीची बिलं होती आणि एका प्रदर्शनात छापलेलं माहितीपत्रक होतं. विक्रीची पाटी आणि मागितलेली किंमत यांचे तारीख दिसणारे स्क्रीनशॉट काढले. त्या माणसाशी फोनवर घासाघीस केली नाही, किंमत त्याला ईमेलवरच लिहायला लावली. नोंदणीला आलेल्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त रक्कम मागणं, हे वाईट हेतूचं लक्षण दोन्ही धोरणांत स्पष्ट लिहिलेलं आहे. डोमेन परत मिळालं. त्यांचा व्यवसाय डोमेनच्या नोंदणीनंतर सुरू झाला असता तर मी ती तक्रार घेतलीच नसती. जे नाव अजून जन्मालाच आलं नव्हतं ते हडपण्याचा हेतू कुणावर लादता येत नाही.

नाव निवडतानाच काही जण हरतात, तेही सांगायला हवं. गावाचं आणि पदार्थाचं नाव जोडून केलेलं डोमेन, समजा देवगड आणि हापूस, कुणा एका व्यापाऱ्याचं होऊ शकत नाही. ते दुसऱ्याने घेतलं तर तक्रार टिकणं अवघड. आणि आपल्या मराठी नावांचं रोमन स्पेलिंग चार तऱ्हांनी होतं. चिवडा chivda, chiwda, chivada, chiwada कसाही लिहितात. भामट्याला तेवढी फट पुरते. मुंबई उच्च न्यायालयात १९९९ साली rediff.com चालवणाऱ्या रेडिफने radiff.com घेणाऱ्यांवर दावा केला, तेव्हा ‘रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर, फ्री’ या शब्दांतून नाव जुळवल्याचा बचाव त्यांनी केला. न्यायालयाने तो मानला नाही. डोमेन हा नुसता पत्ता नव्हे, त्याला ट्रेडमार्कइतकंच संरक्षण आहे, असं सांगून मनाई केली. पण प्रत्येक फराळवालीने उच्च न्यायालयात जावं, अशी अपेक्षा कशी धरायची? दोन-तीन जवळची स्पेलिंग आधीच घेऊन ठेवण्याचा खर्च एका सुनावणीच्या प्रवासखर्चाहून कमी येतो.

या दोन्ही धोरणांची मर्यादाही मोठी आहे. डोमेन हस्तांतरित होतं किंवा रद्द होतं, नुकसानभरपाई मिळत नाही. नकली साइटवर ग्राहकांनी पैसे भरले असतील तर त्यांनी ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी, कारण लवादाला महिने लागतात. भरपाई हवी तर दिवाणी दावा. इथे नोंदलेल्या ट्रेडमार्कचा मोठा फायदा आहे. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ मुळे, मार्कच्या उल्लंघनाचा दावा तुमचा व्यवसाय जिथे आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, समोरचा कुठेही बसलेला असो. व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाचं शासकीय शुल्क मालाच्या एका वर्गाला ४५०० रुपये आहे, इतरांना ९०००. लघुउद्योग म्हणून सवलत मागताना उद्यम प्रमाणपत्र जोडावं.

माझी विनंती जिल्हा उद्योग केंद्रांना आणि महिला बचत गटांच्या प्रशिक्षणवर्गांना आहे. तिथे पॅकिंग, परवाने, कर्जाची कागदपत्रं शिकवतात. त्याच तासाला प्रत्येकीने डोमेनच्या खात्यात स्वतः शिरून पाहावं: नोंदणीदार म्हणून कुणाचं नाव आहे, ईमेल कुणाचा आहे, मुदत कधी संपते. ईमेल त्या मुलाचा असेल तर तो आजच बदलून घ्यावा, वाद नसताना तो सहज बदलून देतो. मुदत संपली तरी नाव लगेच दुसऱ्याकडे जात नाही, परत घ्यायला काही दिवस मिळतात. पण तो इशारा नोंदणीच्या ईमेलवरच येतो, आणि तो ईमेल आपला नसला तर आपल्याला कळत नाही.

आपला,
एक वाचक (वकील), सांगली