वहिनी, तुमच्यामुळं तिशीचं कॅप्शन जमलं

वहिनी, तोंडावर थँक्यू म्हनलं असतं त तुमी पोह्याची प्लेट हातात देऊन विषय बदलला असता, म्हून इथंच सगळ्यायसमोर लिवतो.

परवा मले तीस पूर्न झाले आन आदल्या रात्री मी फोन घेऊन ओट्यावर बसलो होतो, फोटो तयार, कॅप्शनच सुचेना. पहिलं लिवलं ते असं होतं: "तिशी आली, केस गेले, लग्न नाही, संपलं सगळं." मले वाटलं भारी जोक हाय. तुमाले वाचून दाखवला त तुमी हसल्याच नाही, उलट इचारलं, "भाऊजी, काही झालं का?" तिथंच समजलं का हा जोक नाही, रडगाणं हाय, आन याच्याखाली लोकं हसतीन नाही त धीर देत बसतीन.

मंग मी दुसऱ्या टोकाले गेलो. "वय हा फक्त आकडा असतो." त्यावर तुमी म्हनलं ते मी जनमभर इसरनार नाही: "लाइटच्या बिलावर बी आकडाच असते, तो भराच लागते न!" (दादा आतून हसला, म्हंजे जागाच होता.) मित्राच्या सुटलेल्या पोटावरची एक ओळ होती ते बी तुमी काढाले लावली. आपल्या वाढदिवसाले आपल्यावरच हसा, दुसऱ्याले कायले ओढता, म्हने.

मंग तुमी साधंच इचारलं, आज दिवसभर काय केलं? म्या म्हनलं, पऱ्हाटीची पहिली वेचनी उरकली, परतीच्या पावसानं भिजली होती त बरीच कवडी, म्हंजे डागलेला कापूस, निघाली, पन वरची बोंडं अजून फुटाचीच हायेत. तुमी म्हनलं, हेच लिवा न मंग. आन झालं:

"तीस पूर्ण. पहिली वेचनी झाली, थोडी कवडी निघाली. वरची बोंडं बाकी हायेत."

याच्यात डागलेला कापूस हाय ते मी लपवलं नाही, आन रडलो बी नाही. केसाची ओळ मले ठेवाची होती, ते तुमी खाली ढकलली, कारन इन्स्टावर सुरुवातीचंच दिसते, बाकीचं 'मोअर' दाबल्याशिवाय कोनी वाचत नाही. लग्नाचा शब्द त पूर्नच उडवला, "तुमी विषय काढला का लोकं धरतीन," म्हनून. एक मात्र हाय, ज्याच्या घरी कापूस नाही त्याले हे अर्धंच समजलं, पुन्याच्या रूममेटनं कवडी म्हंजे पैसे समजून "एवढी कडकी हाय का बे" असा मेसेज टाकला.

मामानं तरी धरलंच. "आता लग्नाचं पाहा" अशी कमेंट आली. म्या खाली लिवलं, "मामा, दुसऱ्या वेचनीत." त्याले सगळ्यात जास्त लाइक हायेत, आन त्यातला पहिला तुमचा.

तुमचा देर,
वय वर्षं तीस, टोपी घालूनच फोटो काढनारा