बायॉप्सीला जाण्याआधी

नाशिक

प्रिय दिल्या,

मनगटावर आणि नडगीवर जांभळट, चपटं, खाजरं पुरळ आलंय आणि डॉक्टरांनी बायॉप्सी सांगितल्यापासून वहिनींचं जेवणात लक्ष नाही, असं तू लिहिलंस. त्यांना आधी एवढं सांग, की डॉक्टरांनी तुझ्या चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह घालून ‘लायकेन प्लेनस’ लिहिलंय. हा कॅन्सर नाही आणि एकाचा दुसऱ्याला होत नाही. माझ्या टेबलावर येणारे कातडीचे कितीतरी तुकडे असल्याच पुरळाचं निदान पक्कं करायला आलेले असतात.

आता तयारी. उपाशी जायची गरज नाही, नाश्ता करून जा. तू ॲस्पिरिन घेतोस ते डॉक्टरांना सांग, पण आपल्या मनाने बंद करू नकोस. एवढ्याशा जखमेसाठी ते बहुधा चालूच ठेवतात. इंजेक्शनची कधी ॲलर्जी आली असेल तर तेही सांग. आणि मेडिकलवाल्याने दिलेलं ते स्टेरॉइडचं मलम किती दिवस लावलंस, हे लपवू नकोस. त्याने सूज दबते आणि मग मला सूक्ष्मदर्शकाखाली अर्धवट चित्र दिसतं. ते केव्हा थांबवायचं आणि तुकडा केव्हा घ्यायचा, हे डॉक्टर ठरवतील.

जागाही तेच निवडतील. नखांनी ओरबाडलेला किंवा जुना काळवंडलेला डाग नको, ताजा हवा. मी असतो तर नडगी सोडून मनगटाजवळचा घेतला असता, कारण पायाची जखम भरायला वेळ लागतो.

आधी जागा बधिर करायला लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. दुखतं ते एवढंच, काही सेकंद झणझणतं. मग पंच नावाचं गोल पातं, बहुधा ४ मिलिमीटरचं, कातडीवर दाबून फिरवतात. तुला दाब जाणवेल, दुखणार नाही. सुटलेला तुकडा चिमट्याने दाबून न धरता सुईच्या टोकाने अलगद उचलतात आणि तळाशी कापतात. चिमट्यात चिरडला तर पेशी इतक्या चेंगरतात की आम्हाला काही वाचता येत नाही. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडला, एखाद-दुसरा टाका घातला, की झालं. बाटलीवर तुझं नाव आहे ना, तेवढं बघून घे.

पहिले २४ तास पट्टी भिजवू नकोस. रक्त झिरपलं तर स्वच्छ कापडाने १५ मिनिटं सलग दाबून धर. मधे मधे उचलून बघितलंस की पुन्हा सुरू होतं. हाताचे टाके साधारण ७ ते १० दिवसांनी काढतात, पायाचे १० ते १४ दिवसांनी. थोडी लाली आणि ठणका चालतो. पण दोन-तीन दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, लाली पसरली, पू किंवा ताप आला, तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नकोस. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असं नाही, काही आठवडे त्या हाताने पोती उचलू नकोस. आपल्या कातडीवर काळसर डाग बरेच महिने राहतो.

रिपोर्ट आला की पहिल्या परिच्छेदात तुकड्याचं माप असतं, ते सोडून दे. दुसऱ्यात लिहिलेलं असेल की वरचा थर जाड झालाय, तळाच्या पेशी खराब झाल्यात आणि त्यांच्या खाली लिम्फोसाइट पेशींचा पट्टा जमलाय. हे लायकेन प्लेनसचं नेहमीचं चित्र. पण त्याच पट्ट्यात ‘इओसिनोफिल’ नावाच्या पेशी बऱ्याच दिसल्या, तर औषधामुळे उठलेलं पुरळ असू शकतं. तू रक्तदाबाची गोळी घेतोस म्हणून हे मुद्दाम लिहितोय. त्यातल्या काही गोळ्यांनी हुबेहूब असंच पुरळ येतं, तेही कधीकधी गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनी. नुसत्या तुकड्यावरून ते दरवेळी ठरवता येत नाही. म्हणून गोळ्यांची पाकिटं सोबत ने, आणि कोणती गोळी कधी सुरू झाली ते फॉर्मवर लिहायला सांग. ‘पुरळ, बायॉप्सी’ एवढंच लिहिलेला फॉर्म आला की मी चाचपडतो. गोळी मात्र स्वतः थांबवू नकोस, रक्तदाब चढून बसेल.

शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन’ असं लिहिलेलं दिसेल. घाबरू नकोस, ते आम्ही बहुतेक रिपोर्टांवर लिहितो. तुकड्यात दिसलेलं आणि अंगावर दिसणारं डॉक्टरांनी ताडून बघावं, एवढाच त्याचा अर्थ. ‘कन्सिस्टंट विथ’ म्हणजे डॉक्टरांच्या अंदाजाशी जुळतंय. ‘सजेस्टिव्ह’ म्हणजे तिकडे कल आहे, खात्री नाही. ‘नॉनस्पेसिफिक’ आलं तर काहीच नाही असं समजू नकोस. तुकड्यात नेमकं काही सापडलं नाही, एवढंच. मग डॉक्टर कदाचित दुसऱ्या जागेचा तुकडा घेतील.

रिपोर्टचा फोटो मला पाठव, पण औषध तुझ्या डॉक्टरांना विचारूनच सुरू कर. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या