चाकणहून, पहिल्या दिवसाबद्दल

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितेय. चाकणच्या कंपनीत बिल पासिंगच्या 14 जणांसमोर पहिल्यांदा उभी राहिले, कुणी मान वर करेना. सप्लायरची बिलं तिथे फार रखडतात, आणि आता छोट्या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत दिले नाहीत आणि वर्ष उलटलं तर तो खर्च त्या वर्षी टॅक्समध्ये धरता येत नाही, म्हणून बिलं कुठे अडकतात ते शोधायला मला बोलावलंय.

बाबा, मला तुमच्या कंपनीतला तो स्टॉपवॉचवाला माणूस आठवत होता, तुमच्या मागे तीन दिवस उभा राहिला, कोण कुठला ते सांगितलं नाही आणि महिन्याभराने काढलेल्यांची नावं नोटीस बोर्डावर लागली. म्हणून मी आधी डायरेक्टरकडून लेखी घेतलं होतं की 31 मार्चपर्यंत कुणालाही काढायचं नाही, माझ्याकडे नावं मागायची नाहीत आणि कुणाबद्दल काही ठरलं तर आधी त्या माणसाला समोर बसवून सांगायचं. तेच वाचून दाखवलं.

मागून एक काका म्हणाले, "मॅडम, एप्रिलचं काय?" मी म्हटलं, सगळे राहतील असं वचन मी देणार नाही, तो अधिकार माझा नाही, यावर्षी दोघं रिटायर होतायत त्या जागा कदाचित भरणार नाहीत, एवढंच मला माहितीय. खोली एकदम गप्प झाली. आई, तुला वाटेल थोडा धीर द्यायचा होता, पण खोटा धीर दिला असता तर पुढे कुणी मला खरं काही दाखवलं नसतं.

नंतर लॅपटॉप उघडलाच नाही, त्यांनाच म्हटलं एक रखडलेलं बिल द्या. काकांनी दिलं. ऑर्डर, स्टोअरची माल मिळाल्याची पावती आणि बिल, तिन्ही जुळल्याशिवाय पैसे निघत नाहीत. आम्ही प्रत्येक शिक्क्याची तारीख कागदावर मांडली, 38 दिवस झाले होते! त्यातले 17 दिवस क्वालिटीच्या सहीसाठी आणि 11 दिवस ऑर्डरचा जुना रेट परचेसने बदलला नाही म्हणून. या डिपार्टमेंटचं खरं काम अर्ध्या तासाचं. एका बिलावरून काही ठरत नाही, अजून 40 बिलं अशीच मांडायचीयत, पण इथली माणसं कमी करून ते 17 दिवस कमी होणार नाहीत हे सगळ्यांना दिसलं.

जेवणानंतर काका स्वतःची लाल वही घेऊन आले, कुठलं बिल कुणाकडे अडकलंय ते पाच वर्षांचं त्यात लिहिलंय, आजवर कुणी मागितलीच नव्हती म्हणाले.

बाबा, त्या स्टॉपवॉचवाल्याला तुम्हाला काय विचारायचं होतं ते लिहून पाठवाल का? सोमवारी स्टोअर आणि क्वालिटीवाल्यांसमोर उभं राहायचंय. आई, गुडघ्याचं तेल कुरिअर केलंय.

तुमची,
मनू