छपराचं कर्ज दिवाळीनंतर नको

दापोली
१२ एप्रिल

प्रिय विनायक,

तुझं पत्र मिळालं. माजघरावरचे वासे वाळवीने पोखरलेत, रिपाही गेल्यात, सुतार तीन लाख सांगतोय आणि तू पावसाळा कसाबसा काढून दिवाळीनंतर कर्ज घेणार आहेस. बाकी सगळं पटलं, दिवाळी मात्र पटली नाही. येत्या २० जूनला तुला बहात्तर पुरी होतात.

पेन्शन कर्जात बँक पेन्शनच्या आकड्याइतकीच जन्मतारीख पाहते. तक्ते बँकेगणिक वेगळे असतात, पण नेहमी आढळणारा नमुना असा: बहात्तरपर्यंत साठ हप्ते, बहात्तर ते चौऱ्याहत्तर अठ्ठेचाळीस, पुढे शहात्तरपर्यंत चोवीस. नंतर दार बंद. शेवटचा हप्ता सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या आत फिटावा, असा हिशेब त्यामागे असतो. तुझ्या शाखेचा तक्ता बघून घे, आणि वय अर्जाच्या दिवशीचं धरतात की मंजुरीच्या, हेही विचार. मंजुरीचं धरत असतील तर १८ जूनला अर्ज टाकून काही उपयोग नाही.

आता तुझा हिशेब. पेन्शन अठरा हजार. साधारण निम्म्यापर्यंतच हप्ते बसू देतात, म्हणजे नऊ हजार. त्यातून पतपेढीचा चालू दीड हजार वजा, उरले साडेसात. व्याज बारा टक्के धरलं तर लाखाला पाच वर्षांचा हप्ता २,२२४ पडतो, चार वर्षांचा २,६३३ आणि दोन वर्षांचा ४,७०७. म्हणजे साडेसात हजारांत आज सुमारे ३ लाख ३७ हजार बसतात, दिवाळीनंतर २ लाख ८५ हजार, आणि चौऱ्याहत्तरनंतर जेमतेम १ लाख ५९ हजार. पेन्शन तीच, माणूस तोच. छप्पर तीन लाखांचं आहे, ते नेमकं दिवाळीलाच हातातून निसटतं.

तरीही तीन लाख पुरे घेऊ नकोस. वहिनींच्या बाजूने बघ. अशा कर्जाला बहुधा पत्नीच जामीन लागते, कारण तुझ्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन तिला मिळणार. तू पेन्शन विकली नव्हतीस, तेव्हा तुझ्या अठराचे साठ टक्के, म्हणजे १०,८०० तिच्या हातात येतील. तीन लाखांचा हप्ता ६,६७३. तो गेल्यावर तिच्याकडे चार हजारांच्या आसपास राहतात, त्यात औषधं, वीजबिल आणि गॅस. दोन लाख घेतलेस तर हप्ता ४,४४९, आणि तिला सहा हजारांहून थोडे जास्त उरतात. तेही थोडेच, पण निभावतं. कर्जाचा विमा घ्यायला लावतील, तर विम्याचा हप्ता एकरकमी कर्जातूनच कापणार का आणि किती, हे आधी लिहून घे. या वयात तो महाग पडतो, दोन लाख मंजूर होऊन हातात कमी येतात.

उरलेल्या लाखाला तुझी ठेव आहे ना? ती मोडू नकोस, तिच्यावर कर्ज काढ. व्याज ठेवीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्केच जास्त असतं आणि वयाचा तक्ता आड येत नाही. घर तारण ठेवायचं मनात असेल तर सोड. सातबाऱ्यावर तुम्हा भावांची, बहिणींची आणि मुंबईच्या चुलत्यांची नावं आहेत. सगळ्यांच्या सह्या गोळा होईपर्यंत पुढचा मृग येईल.

बँकेत जाण्याआधी पीपीओ काढून जन्मतारीख बघ. तुझ्या आधारवर १ जानेवारी पडलीय असं तू मागे म्हणाला होतास. पीपीओवर २० जून आणि आधारवर त्याच सालची १ जानेवारी असेल, तर आधारप्रमाणे तुला बहात्तर कधीच पुरी झालीत. संगणकात कुठली तारीख चढलीय ते शाखेत विचार. आधार दुरुस्तीला जन्मतारखेचा मान्य पुरावा न्यावा लागेल, म्हणून हे काम आधी.

हप्ता महिन्याच्या दहा तारखेला लावून घे, एकला नको. पेन्शन जमा व्हायला कधी दोन-चार दिवस मागेपुढे होतात, आणि रिकाम्या खात्यावर हप्ता परतला की दंड बसतो, शिवाय सिबिलवर डाग. नोव्हेंबरात हयातीचा दाखला राहिला तरी हेच होतं: पेन्शन थांबते, हप्ता थांबत नाही.

वासे मृगाआधी चढवायचे तर सुताराला या आठवड्यात विसार दे, पण ठेवीवरच्या कर्जातून, ते त्याच दिवशीही मिळू शकतं. पेन्शन कर्ज मागून येईल. पीपीओची झेरॉक्स रविवारी घेऊन ये, अर्ज आपण इथेच भरू.

तुझा,
रघुनाथ