बाबा, तो गोट्या नव्हता

ती. आई-बाबांना सा. न.

सापडली एकदाची. फोनवर सांगितलं नाही कारण फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मग बाबा अर्ध्यातच "हां हां कळलं" म्हणून फोन आईकडे देतात आणि मूळ मुद्दा राहून मला फक्त कोथिंबिरीचा भाव कळतो. म्हणून लिहूनच पाठवतेय, दादा प्रिंट काढून देईल, अक्षर मोठं ठेवायला सांगितलंय.

मे महिन्यात अर्णव नाशिकला होता आणि पुढच्या खोलीत एकटा झोपायला तयार नव्हता, तेव्हा बाबांनी त्याला सांगितलं की अरे एका सिरीयलमधला तुझ्याएवढा पोरगा रात्री ऑफिसात टेबलाखाली एकटा झोपतो आणि चोर आल्यावर त्याच्या पायाला कडकडून चावतो. अर्णवने लगेच विचारलं कोणती सिरीयल, दाखवा. झालं. बाबा म्हणाले गोट्या, आई म्हणाली गोट्या नाही, आणि त्या दिवसापासून तुमचं जे चाललंय ते चाललंय.

मी आधी मोबाईलवर "मुलगा चोराला चावतो जुनी मराठी मालिका" असं शोधलं, कुत्रा चोराला चावतो असले व्हिडिओ आले ढीगभर. मग लक्षात आलं की आधी तुमच्या दोघांच्या आठवणी नीट वेगळ्या करायला हव्यात, कारण वाद घालून घालून तुम्ही एकमेकांचं सांगितलेलं आपलंच म्हणून सांगायला लागला होतात. म्हणून तर मी मंगळवारी आईला एकटीला फोन केला आणि बुधवारी बाबा कट्ट्यावर असताना त्यांना. आणि मुद्दाम "आजी होती का" असं विचारलं नाही, कारण तसं विचारलं की माणूस "हो हो होती की" म्हणतो. फक्त "अजून काय दिसतंय डोळ्यासमोर" एवढंच विचारत राहिले.

बाबांनी सांगितलं, टेबल, अंधार, चोर, कडक वडील, एक वाघ, आणि सिरीयल शंभर टक्के मराठी. आईने सांगितलं, कौलारू घर, पाऊस, आजी, वडील तुसडे, आणि "काहीतरी स्वामी होतं बघ त्यात". वडील कडक हे दोघांनी वेगवेगळं सांगितलं म्हणून ते पक्कं धरलं, पण कडक वडील कुठल्या जुन्या सिरीयलमध्ये नाहीत? आजी, अंधार, पाऊस, सगळं तसंच, शंभर ठिकाणी सापडेल. खरा धागा तो चावा. तसलं विचित्र काही दोन सिरीयलमध्ये असणं अवघड.

मग गोट्याचं बघितलं. बाबा, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या अनाथ आहे हो. तो दुसऱ्यांच्या घरी वाढतो, टीव्हीवर जॉय घाणेकर होता, मानसी मागीकर होत्या. ज्या गोष्टीत मुलाला बाप ओरडून एकटं झोपायला लावतो ती गोष्ट गोट्याची असूच शकत नाही, कारण त्याला ओरडायला बापच नाही! आणि स्वभावाने पण बघा ना, गोट्या समंजस, दुसऱ्याच्या मदतीला धावणारा. तुमच्या गोष्टीतला पोरगा मुळात भित्रा, चावतो ते पण घाबरून. सिरीयल ओळखताना माणसाला चेहरा आठवत नाही पण पोरगं कशाला घाबरायचं ते आठवतं, त्यामुळे मी चेहऱ्यापेक्षा स्वभावावर जास्त भरवसा ठेवला.

चिमणराव पण एकदा मनात आला, त्यांच्या घरात पोरं होती म्हणून. पण चिमणराव-गुंड्याभाऊ १९७७ ते ७९ मधलं, आणि तुम्ही दोघंही म्हणता की हे पंचवटीच्या वाड्यात मालकीणबाईंच्या टीव्हीवर पाहिलं आणि मी त्यांच्या उंबऱ्याशी बसून पाहिलं. मी ८० सालची. वाडा आपण सोडला ९१ च्या सिंहस्थाच्या आधी, सिडकोत आल्यावर आपला स्वतःचा टीव्ही आला. म्हणजे साधारण ८४ ते ९१. दूरदर्शनवाले जुन्या सिरीयल पुन्हा पुन्हा दाखवायचे, त्यामुळे आपण कधी पाहिली यावरून ती कधी बनली हे काही ठरत नाही, पण ९१ नंतर बनलेली नाही एवढं तर नक्की झालं.

आता राहिलं स्वामी. इथे मी दोन दिवस फुकट घालवले. स्वामी म्हटल्यावर सगळीकडे माधवराव पेशवेच येतात, रवींद्र मंकणी आणि मृणाल देव, रणजित देसाईंच्या कादंबरीवरची. काळही तोच, भाषा मराठी, त्यामुळे बाबा आईला म्हणाले असणार की "अगं ती पेशव्यांची, तू घोळ करतेस" आणि आईनेही ते मान्य करून टाकलं. मला आईने ते सांगितलं तेव्हा पण "माझाच घोळ असेल गं" असं म्हणूनच सांगितलं. आणि उत्तर नेमकं त्यातच होतं. आईची आठवण बरोबर होती, तिला जे नाव जोडलं ते फक्त चुकीचं होतं.

उलगडलं कसं ते ऐका. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची मुलगी दहावीला आहे, इथे कर्नाटक बोर्डाचं पुस्तक. शनिवारी ती आमच्याकडे बसून इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचत होती आणि मी भाजी निवडत होते, आणि ऐकते तर काय, मुलगा बाकाखाली झोपलाय आणि अंधारात काहीतरी हलतंय. मी पालक टाकून उठलेच. पुस्तकातला पहिलाच धडा, A Hero, लेखक आर. के. नारायण. आणि मुलाचं नाव काय? स्वामी. स्वामिनाथन, पण घरात स्वामीच.

म्हणजे मालगुडी डेज!! शंकर नाग यांची, १९८६-८७ च्या सुमाराची, हिंदी. मला स्वतःला मालगुडी आठवत होतं, पण ते क्रिकेट आणि ते शाळेचं, हा चोराचा भाग डोक्यात वेगळ्याच कप्प्यात पडला होता. मग रात्री बसून तो एपिसोड शोधून काढला आणि पाहिला.

पण नुसतं मला पटून काय उपयोग, मला आईची परीक्षा घ्यायची होती. आई, तुला आठवतंय रविवारी मी फोन केला आणि म्हटलं तीन ट्यून ऐकवते, काही न विचारता ऐक? पहिली विक्रम-वेताळची होती, दुसरी गोट्याची बीज अंकुरे अंकुरे, तिसरी ही. मुद्दाम हिला शेवटी ठेवलं आणि कुणाचंही नाव सांगितलं नाही. दुसरीला तू गुणगुणायला लागलीस पण म्हणालीस ही नाही. तिसरीचं ते ता ना ना सुरू झाल्याबरोबर तू ओरडलीस, "हीच, हीच, पाऊस आणि ती कौलं!" तेव्हाच माझं काम झालं. एल. वैद्यनाथन यांचं संगीत आहे ते, आणि सुरुवातीची चित्रं आर. के. लक्ष्मण यांची, लेखकाचे धाकटे भाऊ.

आता बाबांच्या "शंभर टक्के मराठी"चं. बाबा, रागवू नका, पण मला वाटतं तुमची चूक का झाली हे मला कळलंय. ती शूटिंग केली आगुंबेला, शिमोगा जिल्ह्यात, सह्याद्रीतच, धो धो पाऊस, लाल कौलं, लाकडी खांब, मधे चौक असलेलं घर. आपल्याला ते कोकणच वाटणार. आणि स्वामीचे वडील म्हणजे गिरीश कार्नाड, ज्यांना तुम्ही उंबरठामध्ये स्मिता पाटीलच्या नवऱ्याच्या कामात पाहिलेलं. घर कोकणातलं, बाप उंबरठामधला, मग डोक्याने संवादही मराठीत करून टाकले. माणसाला तीस-चाळीस वर्षांनी वाक्याचा अर्थ लक्षात राहतो, वाक्य कुठल्या भाषेत होतं ते नाही. मी पण त्या स्वामीला मराठीतच ओरडताना ऐकत होते इतकी वर्षं. (मंजुनाथ नावाचा पोरगा होता तो, काय गोड काम केलंय.)

वाघाचं पण सापडलं. गोष्ट अशी आहे की वडील पेपरात वाचतात, एका गावातल्या पोराने वाघाशी सामना केला, आणि म्हणतात धाडस असलं की वय लागत नाही. स्वामी म्हणतो ताकद नसेल तर नुसतं धाडस काय करणार. एवढं बोलतो आणि अडकतो, वडील म्हणतात मग आज रात्री माझ्या ऑफिसच्या खोलीत एकटा झोपून दाखव. ऑफिस म्हणजे बाहेरचं नाही बाबा, घरातलीच एक धुळकट खोली. आणि टेबल नाही, बाक. तिथे त्याला स्वप्न पडतं की वाघ मागे लागलाय. म्हणजे वाघ पेपरात आणि स्वप्नात, खरा कुठेच नाही. पण तुम्हाला वाघ आठवला ना, तो खोटा नाही आठवला, गोष्टीत आहेच तो.

टेबलाच्या जागी बाक निघाला म्हणून मी आधी जरा बिचकले होते, वाटलं ही दुसरीच गोष्ट. पण असले तपशील घसरतातच, टेबल काय नि बाक काय, खाली घुसणं तेच. चावा घोट्यालाच आणि तोही चोराला भूत समजून, हे मात्र तंतोतंत जुळतं.

आता एक राहिलं आणि ते सांगायलाच हे सगळं लिहितेय. बाबा, तुम्ही अर्णवला गोष्ट अर्धीच सांगितलीत. चोर पकडला जातो, सगळे शाबासकी देतात, इन्स्पेक्टर म्हणतो पोलिसात ये, आणि स्वामीला व्हायचं असतं इंजिन ड्रायव्हर, गार्ड नाहीतर बसचा कंडक्टर. तिथवर ठीक. पण त्याच रात्री वडील उशिरा घरी येतात तर हे हिरो परत आजीच्या कुशीत झोपलेले. वडील चिडतात, आई म्हणते झोपू दे त्याला.

अर्णवला मी शेवट सांगितलेला नाही. आम्ही पुढच्या शनिवारी येतोय, दादाच्या टीव्हीला मोबाईल जोडून लावू. तो बाबांच्या शेजारी बसेल, आणि बाबा, तुम्ही शेवट येईपर्यंत चहाला उठायचं नाही. आई, आजीच्या जागेवर तू बस, रात्री तो तुझ्याकडेच येणार आहे.

तुमची,
मनू